टीम बदलायची आहे, कंपनी नाही

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या आयटी सेवा कंपन्यांत नव्याने लागलेल्यांना प्रोजेक्ट सहसा विचारून दिला जात नाही. ट्रेनिंग संपलं की जिथे माणूस हवा असेल तिथे नेमणूक होते. डेटा इंजिनीअर व्हायचं ठरवून आलेली मुलगी मग एखाद्या परदेशी बँकेच्या सपोर्ट प्रोजेक्टवर रात्रपाळीत तक्रारींची तिकिटं बंद करत बसते. काम वाईट नसतं, पण तिला जे शिकायचं आहे ते त्यात कुठेच नसतं. अशा वेळी बरेच जण थेट राजीनामा टाकतात. त्याच कंपनीत दुसरी टीम मागता येते, हे त्यांना ठाऊक असतं. पण एकदा विचारलं, मॅनेजर ‘बघू’ म्हणाला आणि विषय तिथेच संपला, असा अनुभव असतो.

मॅनेजर ‘बघू’ का म्हणतो, हे आधी समजून घ्यायला हवं. अशा अनेक प्रोजेक्टमध्ये क्लायंट माणसागणिक आणि तासागणिक पैसे मोजतो. ही मुलगी ‘बिलेबल’ असेल, तर ती गेल्या दिवसापासून तिच्या जागेचं बिल थांबतं. बदली माणूस मिळवायचा, त्याला क्लायंटकडून मान्यता घ्यायची, सिस्टीमचे अ‍ॅक्सेस काढायचे, काम समजावून द्यायचं, यात आठवडे जातात. म्हणजे मॅनेजरच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : हिच्या जागी कोण, आणि कधीपासून? अर्जात याचं उत्तर नसेल तर तो अर्ज पडून राहतो, मग तुमची तळमळ कितीही खरी असो.

आता याच मुलीचं उदाहरण पुढे नेऊ. ती आधी कंपनीच्या अंतर्गत जागांच्या पोर्टलवर डेटा टीमची जागा शोधते. अटी वाचते, सध्याच्या प्रोजेक्टवर किमान काही महिने, बहुधा वर्षभर किंवा जास्त, पूर्ण झालेले असावेत, अशी अट बहुतेक ठिकाणी असते. मग त्या टीमच्या लीडशी बोलून रोजचं काम नेमकं काय, हे विचारून घेते. नाव ‘डेटा’चं आणि काम पुन्हा रात्री बंद पडलेले जॉब चालू करण्याचं, असंही निघतं. खात्री पटली की अर्ज भरण्याआधी स्वतः मॅनेजरला भेटून सांगते. अर्ज भरताच अनेक सिस्टीम मॅनेजरला मेल पाठवतात. आपल्या माणसाची बातमी मशीनकडून कळली की तो दुखावतो, आणि त्याचीच मंजुरी तर लागणार असते.

भेटीनंतर ती मेल लिहिते. ‘इथे मला वाढ दिसत नाही, कृपया विचार व्हावा’ एवढंच लिहिलं तर तो तक्रारअर्ज होतो. ती लिहिते : ‘अमुक टीममध्ये अमुक जागा रिकामी आहे, त्यासाठी लागणारं एसक्यूएल आणि पायथॉन मी शिकले आहे, सोबत केलेलं काम जोडलं आहे. ३१ ऑगस्टला रिलीज मिळावा. माझं काम टीममधला दुसरा सहकारी घेऊ शकतो. जुलैभर मी त्याला केटी देईन आणि ऑगस्टमध्ये तो काम करेल, मी सोबत असेन.’ केटी म्हणजे काम रीतसर समजावून सोपवणं. या मेलवर नुसतं ‘बघू’ म्हणणं कठीण जातं, कारण त्यात तारीख आहे आणि बदली माणूसही आहे.

तरी अडतं ते तारखेवरच. ‘तोंडी हो’ मिळतं, मग रिलीज पुढच्या तिमाहीवर जातो, मग त्याच्याही पुढे. दुसऱ्यांदा तारीख सरकली की समजावं, बदली माणूस कोणी शोधतच नाहीये. तेव्हा आरएमजीकडे, म्हणजे माणसांच्या नेमणुका बघणाऱ्या विभागाकडे, आणि मॅनेजरच्या वरच्या डिलिव्हरी मॅनेजरकडे तोच मेल पुढे करून लेखी तारीख मागावी. राजीनाम्याची धमकी मात्र देऊ नये. तिने क्वचित काम होतं, पण त्यानंतर महत्त्वाचं काम हाती देताना लोक कचरतात.

या बदलीत काय मिळत नाही, हेही माहीत असावं. पद तेच राहिलं तर पगार सहसा वाढत नाही. वर्षाच्या मध्ये गेलात तर नवा मॅनेजर तुम्हाला जेमतेम ओळखत असतो आणि अप्रेझलचं रेटिंग त्याच्या हातात जातं. म्हणून जुन्या मॅनेजरकडून तोवरच्या कामाचा अभिप्राय सिस्टीममध्ये नोंदवून घ्यावा. सर्वांत मोठा धोका बेंचचा. नव्या टीमची नेमणूक पक्की नसताना रिलीज घेतला, तर मधल्या काळात आरएमजी दिसेल त्या प्रोजेक्टवर पाठवू शकतं आणि नाही म्हणायला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे नव्या नेमणुकीची नोंद सिस्टीममध्ये दिसेपर्यंत जुन्या प्रोजेक्टचा रिलीज स्वीकारू नका.