आंबटपणा पाण्यात असतो

काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोन लिटर दुधाचं दही फडक्यात बांधून स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं आणि निजले. सकाळी चक्का छान घट्ट झालेला होता. वजनाची पाऊण पट साखर घालून फेटला, तर पहिल्याच बोटाला दात आंबले. म्हणून अजून साखर घातली, मग आणखी थोडी. शेवटी साखर चक्क्याइतकीच झाली, श्रीखंड वाटीत ओघळायला लागलं, आणि आंबटपणा मात्र घशाशी तसाच राहिला. गोड आणि आंबट दोन्ही चवी वेगवेगळ्या लागत होत्या.

त्या दिवशीची चूक नेमकी कुठे झाली हे कळायला पुढचे दोन पाडवे गेले. श्रीखंडात किती तास टांगायचं, साखर किती घालायची आणि आंबट झालं तर काय करायचं, हे तीन वेगळे प्रश्न वाटतात. पण तिघांचंही उत्तर एकाच गोष्टीत आहे: दह्याचा आंबटपणा दह्यातल्या पाण्यात विरघळलेला असतो.

विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्या आम्लामुळे दुधातलं प्रथिन गोठतं आणि दही लागतं. गोठलेलं प्रथिन आणि त्यात अडकलेली स्निग्धता म्हणजे चक्क्याचा घन भाग. आम्ल मात्र पाण्यात राहतं. दही टांगलं की पाणी गळतं आणि त्याच्याबरोबर बरंचसं आम्लही जातं. पण चक्का कितीही घट्ट वाटला तरी त्याच्या वजनात निम्म्याहून खूप जास्त पाणीच असतं. त्या राहिलेल्या पाण्यातला आंबटपणा आपल्या जिभेला लागतो. शिवाय दही फडक्यात बांधलं म्हणून जिवाणूंचं काम थांबत नाही. चैत्रातल्या उकाड्यात नळाला लटकलेल्या त्या गाठोड्यात माझं दही रात्रभर पाणी सोडत होतं आणि रात्रभर आंबतही होतं.

म्हणून सुरुवात अदमुऱ्या दह्यापासून करावी. सायीचं, म्हशीचं किंवा पिशवीतलं फुल क्रीम दूध तापवून बोटाला सोसेल इतकं कोमट करायचं. लिटरला लहान चमचाभर ताजं, गोडसर विरजण पुरतं. जास्त विरजणाने दही लवकर लागतं, पण लवकर आंबतंही. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत दही लागतं. भांडं तिरकं केलं की दही एकसंध हललं पाहिजे आणि कडेला पाणी सुटलेलं दिसता कामा नये. त्याच वेळी ते फ्रीजमध्ये ठेवावं. दोन-तीन तास गार झालेलं दही फडक्यात नीट राहतं आणि आंबण्याचा वेगही मंदावतो.

फडकं जुन्या मऊ सुती पंचाचं किंवा मलमलीचं चांगलं, मात्र त्याला साबणाचा वास नको. ओलं करून पिळलेलं फडकं चाळणीवर पसरायचं आणि दही न ढवळता डावाने अलगद त्यात घालायचं. ढवळलेलं दही बारीक होऊन फडक्याच्या छिद्रांतून निसटतं. पहिली काही मिनिटं पाणी पांढरट येतं, मग हिरवट पिवळं आणि स्वच्छ होतं. पांढरंच येत राहिलं तर फडकं विरळ आहे किंवा दही नीट लागलेलं नाही, असं समजावं.

पहिले एक-दोन तास गाठोडं बाहेर टांगलेलं चालतं, कारण बरंचसं पाणी तेव्हाच जातं. त्यानंतर ते चाळणीत ठेवून, खाली खोल पातेलं घेऊन फ्रीजमध्ये सरकवायचं आणि वर ताटली ठेवून तिच्यावर थोडं वजन द्यायचं. फ्रीजमध्ये दहा ते बारा तास लागतात. मध्ये एकदा गाठ सोडून बघावं. फडक्याला चिकटलेला थर सुकून घट्ट झालेला असतो आणि मधला गोळा अजून लिबलिबीत असतो. तो सुका थर पाण्याची वाट अडवतो. कडेचा चक्का उलथन्याने खरवडून मध्ये घ्यायचा, मधला कडेला करायचा आणि पुन्हा बांधायचा. एवढ्याने दोन-तीन तास वाचतात. हाताने पिळायचा मोह टाळावा, कारण पिळल्यावर पाण्याबरोबर चक्काही बाहेर येतो.

घड्याळापेक्षा वजनकाटा जास्त खरं सांगतो. दोन लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्याचा साधारण 700 ग्रॅम चक्का होतो. दह्याच्या वजनाचा एक तृतीयांश किंवा त्याहून किंचित जास्त एवढं उरलं की थांबावं. काटा नसेल तर चक्क्यात बोट दाबून पाहावं. खळगा तसाच राहिला, त्यात पाणी साचलं नाही आणि चक्का फडक्यापासून सहज सुटला, म्हणजे झाला. फार वेळ टांगलेला चक्का भुसभुशीत होतो. त्यात साखर नीट विरघळत नाही आणि श्रीखंड रवाळ लागतं. तसं झालं तर चमचाभर गार दूध घालून सारखं करता येतं.

आता साखर. चक्क्याला समप्रमाणात साखर हे जुनं माप अनेक घरांत चालतं, पण ते वजनाचं आहे की वाटीचं हे आधी विचारायला हवं. ज्या वाटीत साधारण 240 ग्रॅम चक्का मावतो, त्याच वाटीत साखर 200 ग्रॅम आणि पिठीसाखर जेमतेम 120 ग्रॅम भरते. म्हणजे वाटीला वाटी पिठीसाखर घातली तर प्रत्यक्षात निम्मीच साखर पडते. एकच कृती एका घरी गोडमिट्ट आणि दुसऱ्या घरी आंबूस का होते, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

अदमुऱ्या दह्याच्या चक्क्याला मी वजनाने सात भागाला पाच भाग साखर घेते, म्हणजे 700 ग्रॅम चक्क्याला 500 ग्रॅम. विकायच्या श्रीखंडासाठी अन्नसुरक्षेच्या नियमांत घन भाग किमान 58 टक्के आणि त्या घन भागात साखर जास्तीत जास्त 72.5 टक्के अशी मर्यादा आहे. घरच्या चक्क्याला हे प्रमाण त्याच्या जवळपास जातं. अगोड आवडणाऱ्यांनी साखर जरूर कमी करावी, पण असं श्रीखंड एक-दोन दिवसांतच संपवावं. साखर चव देते आणि टिकवतेही.

साखर चक्क्यातल्या पाण्यात विरघळते आणि तिथेच तिचा पाक होतो. घन प्रथिन तेवढंच राहतं, पातळ भाग मात्र वाढतो. त्यामुळे साखर घातल्यावर श्रीखंड सैल होतंच. चक्का आधी घट्ट असावा लागतो तो याचसाठी. साखर चक्क्यात कालवून दीड-दोन तास झाकून फ्रीजमध्ये ठेवावी. तेवढ्यात खडे विरघळतात. मग ते पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावं. मिक्सर वापरू नये. त्याच्या पात्याने चक्क्याची बांधणी मोडते, श्रीखंड पातळ होतं आणि कधीकधी लोण्याचे कण सुटतात. पुरणयंत्र पितळी असेल तर त्याला कल्हई असल्याची खात्री करून घ्यावी, कारण आंबट पदार्थ पितळेत कळकतो.

तरीही चक्का आंबट झालाच तर? इथे एक गोष्ट कायम लक्षात ठेवायला हवी: आंबटपणा काढायचा तो साखर घालण्याच्या आधी. म्हणून चक्का पातेल्यात घेतला की 20 ग्रॅम वेगळा काढून त्यात 15 ग्रॅम साखर मिसळावी आणि दहा मिनिटांनी चाखावा. नुसता चक्का चाखून अंदाज येत नाही, कारण चांगला चक्काही आंबटच लागतो. साखरेसकट खाताना गोडाआड हलकी आंबूस चव आली तर चक्का उत्तम आहे. गोड जिभेवरून गेल्यावरही घशात आंबट टोचत राहिलं, तर चक्का धुवावा.

धुवायचा म्हणजे असं. 700 ग्रॅम चक्क्यात साधारण 500 ग्रॅम पाणी उरलेलं असतं. उकळून अगदी गार केलेलं अर्धा लिटर पाणी त्यात थोडंथोडं घालत रवीने किंवा डावाने गुठळ्या मोडून सारखं करायचं. चक्क्यातलं आम्ल आता दुप्पट पाण्यात पसरतं. फडकं दुहेरी घेऊन हे मिश्रण पुन्हा बांधायचं आणि फ्रीजमध्ये पाच-सहा तास निथळू द्यायचं. वजन पुन्हा पहिल्याच्या जवळ आलं की घातलं तेवढं पाणी निघून गेलं आणि त्याच्याबरोबर जवळपास निम्मा आंबटपणाही गेला. चव थोडी फिकी होते आणि पोत किंचित विरळ वाटतो. त्यावर दोन-तीन चमचे ताजी साय फेटून घालावी. आंबटपणा थोडासाच जास्त असेल तर धुण्याची गरज पडत नाही. चक्क्याच्या आठव्या हिश्श्याइतकी ताजी, गोड साय किंवा तेवढाच ताजा चक्का मिसळला तरी भागतं.

साखर पडल्यावर मात्र ही वाट बंद होते, कारण आता पाण्याबरोबर साखरही वाहून जाईल. मग ताजा, बिनआंबट चक्का मिसळून आंबटपणा विरळ करणं हाच एक खरा उपाय राहतो. हापूसचा घट्ट रस घालून आम्रखंड केलं तर आंबट चव आंब्यात मुरते, पण जाते असं नाही. चिमूटभर मिठाने गोडवा जरा उठून येतो. खायचा सोडा घालू नये. तो आम्ल मारतो हे खरं, पण फेस आणतो आणि मागे साबणासारखी खारट चव ठेवतो. चक्का कडू लागत असेल, त्याला यीस्टचा वास येत असेल किंवा त्यावर गुलाबी अथवा हिरवा डाग दिसला, तर त्यावर कुठलाही उपाय नाही. तो टाकून द्यावा.

त्या पाडव्याला मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं होतं. आता चक्का उतरवला की खालच्या पातेल्यातलं पाणी मी आधी चमच्याने चाखते. ते झणझणीत आंबट लागलं तर चक्क्यात उरलेलं पाणीही तसंच असणार, हे साखरेचा डबा उघडण्याआधीच कळतं. धुतल्यावर निथळलेलं दुसरं पाणी चाखलं की फरक जिभेला स्पष्ट जाणवतो. पहिलं पाणी मी थालीपीठाच्या भाजणीत घालते, तिथे आंबटपणा हवाच असतो.