मुदत उलटलेले कर्ज आणि एक सही

बिनतारण हातउसन्या कर्जाची कहाणी खेड्यात पुष्कळदा वर्षानुवर्षे चालते. कागद जुना होतो, परंतु मागणी थांबत नाही. अशा वेळी कायदा काय सांगतो, हे ग्रामसेवकाने व शेतकऱ्याने नीट समजून घ्यावे.

एका शेतकऱ्याने 10 जून 2014 रोजी मागताच परत करण्याच्या वचनचिठ्ठीवर 40,000 रुपये घेतले, असे समजू. मुदतीच्या कायद्यानुसार (1963) त्यावरील दाव्याची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून तीन वर्षे, म्हणजे 10 जून 2017 पर्यंत. मात्र त्याने 5 मे 2015 रोजी “बाकी देणे आहे” असे लिहून सही केली असती, तर तीन वर्षे त्या दिवसापासून पुन्हा मोजली गेली असती. मुदतीच्या आत दिलेली लेखी कबुली असे काम करते. तोंडी कबुलीने तसे होत नाही.

समजा, अशी कबुली झाली नाही आणि मुदत उलटून गेली. तरीही कर्ज नाहीसे होत नाही; न्यायालयातून ते वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. धनको सभ्यपणे मागणी करू शकतो, पत्र अथवा नोटीस पाठवू शकतो. शेतकऱ्याने आपखुशीने रक्कम दिली, तर ती परत मागता येत नाही. धनकोने दावा लावल्यास समन्स टाळू नये. हजर राहून मुदत संपल्याचे सांगावे. मुदतबाह्य दावा फेटाळणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. पण शेतकरी गैरहजर राहिल्यास खोट्या तारखा वा कागद उघडकीस आणणारा कोणी उरत नाही. बिनतारण कर्जासाठी न्यायालयाच्या आदेशावाचून गुरे वा अवजारे उचलून नेण्याचा हक्क कोणालाही नाही.

खरा धोका पुढे आहे. 2024 साली वसुलीदार येतो व म्हणतो, “नुसता हिशेब लिहितो, सही करा.” कागदावर मात्र “व्याजासह 90,000 रुपये दिवाळीपर्यंत फेडीन” असे असते. करार कायद्याच्या (1872) कलम 25 प्रमाणे, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे सही केलेले लेखी वचन हा नवा करार ठरतो. अंगठा उठविला तरी फरक पडत नाही. बंद झालेला मार्ग पुन्हा खुला होतो, तोही वाढीव रकमेसाठी. “बाकी आहे” एवढेच लिहिले असेल, तर त्यात वचन आहे की नाही यावर वाद माजतो. म्हणून तेही टाळावे.

हा तीन वर्षांचा नियम सर्वत्र लागू नाही. जमीन गहाण असल्यास मुदत सामान्यतः बारा वर्षे असते. हुकूमनामा झाला असल्यास त्याच्या बजावणीलाही बारा वर्षे मिळतात. महाराष्ट्रातील सहकारी संस्थेच्या सभासदाच्या देण्याची मुदत त्याचे सभासदत्व संपल्यापासून किंवा त्याच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणून मूळ चिठ्ठीची तारीख व कर्जाचा प्रकार पाहिल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करू नये. कागदाची नक्कल मागून घ्यावी आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत ती दाखवावी.