बडोद्याच्या मित्राला महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्यातून महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये एकाच दिवशी अस्तित्वात आली. म्हणून बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी मित्राला महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा पाठवताना हे ध्यानात असू द्यावं, की तो राहतो त्या राज्याचाही हा स्थापना दिन आहे.

सगळ्यांना एकच चित्र पुढे ढकललं की नेमकं हेच सुटतं. ‘आमचंच राज्य थोर’ अशा थाटाचा मजकूर त्याच्या गुजराती शेजाऱ्याने वाचला, तर त्यालाच अवघडल्यासारखं होईल. त्यापेक्षा अभिमानाला त्याच्या गावातलाच आधार द्यावा. सयाजीराव गायकवाड जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, राज्य केलं बडोद्यावर, आणि १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. दोन्हीकडच्या माणसांना आपला वाटावा असा हा राजा.

मग संदेश असा लिहिता येईल:

‘प्रिय मित्रा, महाराष्ट्र दिनाच्या आणि गुजरात स्थापना दिनाच्याही मनापासून शुभेच्छा! कवळाण्याच्या मुलाने बडोद्यात शाळा घरोघरी पोचवली, याचा इथे आम्हाला अभिमान वाटतो. तुमच्या घरी आजही मराठी बोललं जातं, याचा आनंद त्याहून मोठा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.’

मित्र इंदूरला किंवा तंजावरला असेल, तर तिथल्या मराठी माणसांच्या कामाचा असाच एक खरा दाखला शोधा. यंदा १ मेला त्याच्या गावाचं नाव घालून, स्वतःच्या शब्दांत चार ओळी नक्की लिहा.