येणाऱ्याची वाट वेगळी, जाणाऱ्याची वेगळी

१२ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सौदी अरेबियाचे एक जंबो विमान दिल्लीहून उडाले. आत ३१२ माणसे होती आणि त्यांत आखातात कामाला निघालेले भारतीय पुष्कळ होते. त्याच वेळी कझाकस्तानचे एक इल्युशिन विमान ३७ जणांना घेऊन दिल्लीत उतरायला येत होते. एक चढत होते, दुसरे उतरत होते आणि दोघे एकाच हवाई पट्ट्यातून समोरासमोर येत होते. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे होते, म्हणून नागरी विमानांना येण्याजाण्यासाठी हा एकच पट्टा उरला होता.

नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितले होते. एक दुसऱ्याच्या वरून निघून जाईल, मध्ये हजार फुटांचे अंतर राहील, असा हिशेब होता. कझाक विमानाने १५,००० फुटांवर असल्याचे कळवले, पण प्रत्यक्षात ते त्याच्या खाली उतरत गेले. हरियाणातल्या चरखी दादरीजवळ दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ जणांपैकी एकही वाचला नाही.

चौकशी आयोगाने ठपका ठेवला तो कझाक वैमानिकांवर, नेमून दिलेली उंची सोडल्याबद्दल. तो योग्यच होता. पण मला या अपघातातली दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करते. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. म्हणजे ३४९ जीव आणि टक्कर यांच्या मध्ये फक्त रेडिओवरचा एक शब्द होता. त्यानंतर दिल्लीत उंची दाखवणारे रडार आले, विमानांमध्ये टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या.

गर्दीच्या प्रत्येक विमानतळाभोवती अशा वाटा आधीच आखून, छापून ठेवलेल्या असतात. बाहेर पडण्याच्या वाटेला वैमानिक ‘सिड’ म्हणतात, आत येण्याच्या वाटेला ‘स्टार’. कागदावर ती बिंदूंची मालिका दिसते. अनेक बिंदूंना पाच अक्षरी, उच्चारता येईल असे नाव असते आणि काही बिंदूंपाशी अट लिहिलेली असते. इथे अमुक उंचीच्या खालीच राहा, तिथे अमुक उंचीच्या वरच राहा, इथे वेग इतकाच ठेवा. या वाटेचे खरे बळ नकाशावरच्या रेषेपेक्षा या अटींमध्ये असते.

समजा, नागपूरहून एक विमान ३५,००० फुटांवरून मुंबईला येत आहे. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणून त्याला उतरण्यासाठी सुमारे २०० किलोमीटर लागतात. शिर्डीच्या आसपासच त्याची उतरण सुरू होते. इकडे मुंबईहून हैदराबादचे विमान निघाले आहे. वारा पश्चिमेकडून असेल तर ते समुद्राच्या दिशेने उडते आणि मग वळून पूर्वेकडे येते. दोघांच्या वाटा कुठेतरी एकमेकींना छेदणारच. वाटा आखणारे तज्ज्ञ तो छेदबिंदू आधीच हेरतात आणि तिथे, उदाहरणार्थ, उतरणाऱ्याला ९,००० फुटांच्या वर आणि चढणाऱ्याला ८,००० फुटांच्या खाली राहायला लावतात. दोन्ही विमाने छापील अट पाळत असतील, तर त्या क्षणी नियंत्रक दुसऱ्या कुणाशी बोलत असला तरी त्यांच्यात हजार फूट राहतात.

याने रेडिओही मोकळा राहतो. एका वारंवारितेवर एका वेळी एकालाच बोलता येते. उजवीकडे वळा, इतक्या उंचीवर थांबा, आता डावीकडे, असे प्रत्येक विमानाला पदोपदी सांगावे लागले तर गर्दीच्या तासात तातडीचा शब्द बोलायला जागाच उरणार नाही. वाटेचे नुसते नाव उच्चारले, वैमानिकाने ते परत म्हणून दाखवले, की वीस-पंचवीस सूचना एका वाक्यात पोहोचतात.

वाट आखताना जमीनही पाहावी लागते. बाहेर पडणाऱ्या विमानाने एक किलोमीटर पुढे जाताना किमान ३३ मीटर वर चढावे, असे नेहमीचे गृहीतक आहे. पुढे डोंगर असेल तर कागदावर जास्त चढण मागितली जाते. हा हिशेब सगळी इंजिने चालू आहेत असे धरून केलेला असतो. एक इंजिन बंद पडले तर कोणत्या बाजूने निघायचे, ते प्रत्येक विमान कंपनी स्वतः ठरवते आणि वैमानिक उड्डाणापूर्वी ते एकमेकांना सांगतात.

चुका होतात त्या बहुधा ऐनवेळच्या बदलात. एकाच नावाच्या वाटेला धावपट्टीनुसार वेगळे अक्षर असते आणि वाट बदलली की नावातला अंक बदलतो. विमान धावपट्टीकडे निघाले असताना वारा फिरला, धावपट्टी बदलली आणि संगणकात जुनीच वाट राहिली, तर उड्डाणानंतर ते भलत्या बिंदूकडे वळू शकते. म्हणून एक वैमानिक संगणकातले बिंदू आणि उंची मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापील नकाशावर बोट ठेवून ते पडताळतो. नकाशातला एखादा बिंदू पडद्यावर नसेल किंवा दोन बिंदूंमध्ये वाट तुटलेली दिसली, तर तिथेच थांबून विचारायचे असते.

पावसाळ्यात या वाटांची मर्यादा कळते. नेमक्या वाटेवर गडगडाटी ढग उभा राहिला की वैमानिक बाजूला जाण्याची परवानगी मागतात. मग छापील अटी बाजूला पडतात आणि नियंत्रकाला प्रत्येक विमान रडारवर पाहून हाताने न्यावे लागते. त्यामुळे एका तासात उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते, बाकीची आकाशात घिरट्या घालतात आणि आपल्याला विमानतळावर उशिराची घोषणा ऐकू येते.

मुंबईत हे काम आणखी नाजूक आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि सगळी गर्दी तिच्यावर येते. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले. दोन्हींमधले सरळ अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. पूर्वेकडून सांताक्रूझला उतरणारे विमान धावपट्टीपासून वीस किलोमीटरवर असते तेव्हा जेमतेम साडेतीन हजार फुटांवर असते आणि नवी मुंबईच्या धावपट्टीपासून फार दूर नसते. म्हणून या दोन विमानतळांच्या वाटा वेगवेगळ्या आखून भागत नाही. एकाची वाट हलवली की दुसऱ्याची तपासावी लागते.

पुढच्या वेळी मुंबईहून उडाल्यावर काही मिनिटांतच विमान चढायचे थांबले आणि इंजिनाचा आवाज उतरला, तर घाबरू नका. बहुतेक वेळा वैमानिक नेमून दिलेल्या उंचीवर थांबलेले असतात आणि वरून दुसरे विमान निघून गेले की पुन्हा चढू लागतात.