दऱ्यांचा दर्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या भटक्यांच्या गटाला मी एक निरोप धाडला : ‘रविवारी पहाटे निघू, दुपारपर्यंत दऱ्या बघून परत.’ माणसं चाळीसच्या वर, म्हणून नेहमीच्या गटावर न टाकता नोंदणीच्या एका संकेतस्थळावरून सगळ्यांना एकदम पाठवला. अर्ध्या तासात एका मित्राचा फोन. ‘अरे, सह्याद्रीचं ठरलं होतं ना? मग दर्या कुठे बघायचा? पोहायचे कपडे घेऊ का?’ मला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं पडद्याचा फोटो पाठवला. खरंच ‘दर्या बघून परत’ असं लिहिलेलं. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही, मोडकं अक्षर नाही. शब्द शुद्ध होता, फक्त वेगळा होता.

देवनागरी मजकूर पडद्यावर फुटतो तेव्हा आपण सगळ्याला मिळून ‘फॉन्टचा घोळ’ म्हणतो. पण त्या दिवशी फॉन्टची काहीच चूक नव्हती. अक्षर कसं फुटलंय ते नीट पाहिलं तर दोष कुठे आहे हे बऱ्याचदा घरबसल्या कळतं. आणि मराठी माणसानं ते पाहायलाच हवं, कारण ‘देवनागरी चालते’ असा शिक्का पुष्कळदा हिंदी मजकुरावर तपासून मारलेला असतो. हिंदीला न लागणारी आपली दोन अक्षरं तिथे हमखास अडकतात.

आधी साधे चौकोन घेऊ. संगणक अक्षर साठवतो ते आकड्याच्या रूपात. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य गट U+0900 ते U+097F असा १२८ घरांचा आहे. फॉन्ट म्हणजे त्या घरांसाठी काढलेल्या चित्रांची पेटी. पेटीत त्या घराचं चित्र नसेल आणि दुसऱ्या कुठल्या फॉन्टमध्येही ते सापडलं नाही, तर रिकामा चौकोन येतो. छपाईवाले त्याला ‘टोफू’ म्हणतात, सोयाबीनच्या पनीरसारखा दिसतो म्हणून. गुगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नाव ‘नो टोफू’वरूनच पडलं. चौकोन ही तशी दिलाशाची खूण आहे. मजकूर शाबूत पोचलाय, फक्त चित्र मिळत नाही. तोच निरोप दुसऱ्या फोनवर ढकला, व्यवस्थित वाचता येतो.

सगळा निरोप नीट आणि एकाच अक्षराचा चौकोन, असं झालं तर ते अक्षर ‘ॲ’ आहे का बघा. ‘ॲसिड’, ‘ॲडमिशन’मधला हा ॲ मराठीचा खास. हिंदीवाले तिथे ‘ऐ’ किंवा ‘ए’ लिहून मोकळे होतात. युनिकोडमध्ये त्याला U+0972 हे स्वतंत्र घर मिळालं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते घर असणार कुठून? विंडोज एक्सपीबरोबर आलेला मंगल फॉन्ट २००१चा. तोवर लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र ठेवत आणि ते ठीक दिसे. आता उलटी गंमत झाली आहे. तो जुना ‘अ’ अधिक अर्धचंद्र काही नव्या ब्राउझरांना चुकीचा जोड वाटतो. ते मध्ये एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ काढून त्यावर चंद्र ठेवतात. म्हणजे नवं अक्षर जुन्या यंत्रावर चौकोन होतं आणि जुनं अक्षर नव्या यंत्रावर वर्तुळ. ते वर्तुळ दिसलं की फॉन्टला दोष देऊ नका. ‘या चिन्हाला बसायला योग्य अक्षर मिळालं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. मजकूरच दुरुस्त करायला हवा.

मोडक्या जोडाक्षरांची कथा वेगळी आहे. युनिकोडमध्ये जोडाक्षरांना घरंच नाहीत. ‘विठ्ठल’ साठवला जातो तो व, ि, ठ, ्, ठ, ल असा, सहा तुकड्यांत आणि उच्चाराच्या क्रमानं. वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे नेणं, दोन ठ एकाखाली एक बसवणं, हे काम निरोप उघडताना ऐन वेळी होतं. ते करणारा प्रोग्रॅम वेगळा असतो आणि ‘हे तुकडे लागोपाठ आले तर हे चित्र लाव’ असे नियम त्याला फॉन्टमधून मिळतात. हल्ली अँड्रॉइडवर आणि क्रोम, फायरफॉक्समध्ये ‘हार्फबझ’ नावाचा प्रोग्रॅम हे बघतो. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची ही सोय नव्हती, ती २०११च्या ४.० आवृत्तीपासून आली. त्याआधीच्या काही फोनांत चित्रं होती पण जुळणी नव्हती. त्यामुळे वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे आणि प्रत्येक जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसे.

यावरून एक सोपी परीक्षा करता येते. आधी वेलांटी बघा. ती चुकीच्या बाजूला असेल तर बहुधा जुळणी करणारा प्रोग्रॅमच गैरहजर आहे, मग नुसता फॉन्ट बदलून सहसा उपयोग नाही. वेलांटी जागेवर असून फक्त ‘विठ्ठल’चा किंवा ‘वाङ्मय’चा पाय मोडलेला दिसत असेल, तर जुळणी चालू आहे, त्या फॉन्टच्या पेटीत तेवढं एक चित्र नाही. फोनवर हौसेनं बसवलेले ‘स्टायलिश’ फॉन्ट अशा वेळी पहिले संशयित. एकदा मूळ फॉन्टवर परत जाऊन पाहावं. विंडोजमध्ये निर्मला, ॲपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांवर नोटो हे फॉन्ट आधीपासून असतात आणि रोजच्या मराठीला ते पुरतात.

प्रश्नचिन्हं मात्र सर्वांत वाईट. शाळेचा किंवा पतपेढीचा एसएमएस येतो आणि त्यात नुसतं ‘????? ???’ असतं. इंग्रजी एसएमएस एका वेळी १६० अक्षरं नेतो, कारण तिथे अक्षराला सात बिटं पुरतात. देवनागरीला सोळा बिटं लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. पाठवणाऱ्याच्या यंत्रणेनं चुकून ‘हा इंग्रजी निरोप आहे’ असं ठरवलं, तर प्रत्येक अनोळखी तुकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालून ती मोकळी होते. मूळ अक्षर तिथेच संपलं. तुमच्या फोनवर काहीही केलंत तरी ते परत येणार नाही, पाठवणाऱ्यालाच सांगावं लागतं. तक्रार करताना प्रश्नचिन्हं मोजून सांगा, कामाला येतं. ‘मराठी’ची पाच निघतात, काना आणि वेलांटी धरून. अशी जुळणारी मोजणी दाखवली की ‘तुमच्या फोनमध्ये फॉन्ट नसेल’ हे उत्तर ऐकावं लागत नाही.

आता आमचा दर्या. अर्धा र मराठीत दोन तऱ्हांनी लिहितात. ‘सूर्य’मधला डोक्यावर चढतो, तो रफार. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’मधला चंद्रकोरीसारखा आडवा राहतो आणि य किंवा ह यांच्या आधीच येतो. नेपाळीतही तो आहे, हिंदीत नाही. आणि तो नसला तर अर्थ बदलतो. कार्यात दक्षिणा आचार्यांना द्यायची आणि मजुरी आचाऱ्यांना.

संगणकाला ‘र, ्, य’ दिलं की तो रफारच काढणार. मग कोर काढायची कशी? भारतीय मानक असलेल्या ‘इस्की’नं एक वाट काढली. खालच्या टिंबाचा ‘ऱ’ (U+0931) वापरायचा, त्याचा पाय मोडला की कोर दिसेल. हा ऱ युनिकोडमध्ये मुळात द्राविडी भाषांतला उच्चार दाखवायला ठेवलेला, आपण तो उसना घेतला. युनिकोडच्या २.० आवृत्तीनं दुसरी वाट दिली होती : र, ् आणि त्यापुढे U+200D हे न दिसणारं सांधणारं चिन्ह, मग य. पुढे युनिकोडनं दोन्ही वाटा कायम ठेवल्या. पडद्यावर दोन्ही दऱ्या हुबेहूब सारख्या दिसतात, आतून मात्र अशा असतात :

```
दऱ्या   0926 0931 094D 092F 093E
दर्‍या   0926 0930 094D 200D 092F 093E
दर्या   0926 0930 094D 092F 093E
```

दुसऱ्या ओळीतून 200D काढा, तिसरी ओळ उरते. नेमकं हेच झालं होतं. माझ्या लॅपटॉपवरचा उच्चारानुसार चालणारा कळफलक अदृश्य चिन्हवाली दरी लिहीत होता. न दिसणारी चिन्हं वापरून खोटी नावं बनवता येतात, म्हणून बऱ्याच प्रणाली येणाऱ्या मजकुरातून ती सरसकट गाळतात. त्या संकेतस्थळानंही गाळली. इंग्रजीचं त्यात काही बिघडत नाही, हिंदीचंही सहसा नाही. आमच्या दऱ्या मात्र भरून समुद्र झाला.

आपला कळफलक कुठल्या वाटेनं जातो हे बॅकस्पेसनं कळतं. संगणकावर बहुतेक ठिकाणी ती कळ देवनागरीचा एकेक तुकडा खोडते. ‘दऱ्या’ लिहा आणि शब्द पूर्ण पुसेपर्यंत दाबत राहा. पाच दाबांत संपला तर टिंबाचा ऱ आहे, सहा लागले तर मध्ये अदृश्य चिन्ह आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर र हा j वर आणि ऱ हा शिफ्ट धरून त्याच कळीवर असतो. मी तेव्हापासून तोच वापरतो, कारण गाळणीतून तो सुखरूप जातो. खूप जुन्या फॉन्टमध्ये मात्र त्याची कोर न होता टिंब आणि मोडका पाय दिसतो. पण निदान वाचणाऱ्याला काहीतरी बिघडलंय हे कळतं, पोहायचे कपडे तरी कोणी भरत नाही.

भाषेचं नाव सांगण्याचा भागही इथेच येतो. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी, पण घर एकच. काही फॉन्टमध्ये दोन्ही चित्रं असतात आणि मजकुरावर ‘मराठी’ अशी भाषेची खूण असेल तरच मराठी वळण निघतं. वर्डमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करायची, वेबपानावर `lang="mr"` लिहायचं. निरोपाच्या ॲपमध्ये अशी खूण करायला सहसा जागाच नसते. म्हणून मराठी निरोपात हिंदी वळणाचा ल आला तर तो बिघाड नव्हे, यंत्राला भाषा कोणी सांगितलेलीच नाही.

कळफलक बदलल्याचा एक त्रास उरलाच. परवा जुन्या निरोपांत ‘पायऱ्या’ शोधत होतो. एका गडाच्या घसरड्या पायऱ्यांबद्दल कोणीतरी लिहिलेलं हवं होतं. शोधात एकही निरोप मिळाला नाही. मग बोटानं वर सरकत गेलो तर तिसऱ्याच मिनिटाला समोर ‘पायर्‍या’, डोळ्यांना अगदी तशाच. त्या सहा दाबांच्या काळातल्या होत्या.