महेशने फ्लॅट घ्यावा का?

मेधा पुण्यातल्या एका खासगी कंपनीत विभागप्रमुख आहे. आठवड्यापूर्वी एका बंद दाराआडच्या बैठकीत तिला कळलं, की दीड महिन्यात तिच्या विभागातल्या चौदा जागा कमी होणार आहेत. यादी तिने पाहिली आहे आणि ही बातमी कुणालाही सांगणार नाही, अशा कागदावर सहीसुद्धा केली आहे. यादीत महेशचं नाव आहे. आज संध्याकाळी महेश तिच्या केबिनमध्ये येतो. उद्या सकाळी अकराला त्याच्या फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट आहे. बुकिंगचे पाच लाख भरले की परत मिळणार नाहीत. तो विचारतो, "मॅडम, आपल्या इथे सगळं ठीक आहे ना? घेऊ ना फ्लॅट?" मेधाने काय करावं? गुण वीस.

एमबीएच्या मुलांना मी व्यवसायनीती शिकवते, आणि त्यांच्या पेपरात हा प्रश्न असतो. परीक्षेच्या हॉलबाहेर पडली की मुलं आधी एकमेकांना विचारतात, "तू काय लिहिलंस, सांगायचं की नाही सांगायचं?" त्यानंतरचा प्रश्न मला असतो: "मॅडम, बरोबर काय होतं?" ज्याचं एकच बरोबर उत्तर नाही, त्याला गुण कशाचे द्यायचे, असं मुलांचे पालकच नव्हे, हिशेबशास्त्र शिकवणारे माझे सहकारीही विचारतात. शंका रास्त आहे. ताळेबंद जुळतो किंवा जुळत नाही. इथे जुळवायचं काय?

आधी प्रश्नाविषयी. नीतीचे बरेचसे प्रश्न कोंडीचे नसतात, मोहाचे असतात. 'खरेदी अधिकाऱ्याने पुरवठादाराकडून सोन्याची साखळी घ्यावी का?' यात पेच नाही. घेऊ नये हे सगळ्यांना ठाऊक आहे, अवघड आहे ते न घेणं. असा प्रश्न पेपरात घातला की साठ मुलं एकच उत्तर लिहितात आणि परीक्षकाला फक्त अक्षर तपासावं लागतं. जोसेफ बदराको यांनी १९९७ साली 'डिफायनिंग मोमेंट्स' या पुस्तकात हा फरक नेमका मांडला. व्यवस्थापकाची खरी परीक्षा बरोबर आणि चूक यांत निवड करताना होत नाही, ती दोन बरोबर गोष्टी एकमेकींवर आदळतात तेव्हा होते. मेधाने शब्द दिला आहे, तो पाळणं बरोबर. विश्वासाने विचारणाऱ्या माणसाला खड्ड्यात पडू न देणं, तेही बरोबर. प्रश्न तयार झाला की मी एक चाचणी घेते. दोन शहाण्या माणसांना दोन बाजू वाटून देते. एकाला जरी आपली बाजू मांडताना लाज वाटली, तर प्रश्न बाद.

तरीही पहिल्या वर्षी माझा प्रश्न फसला. त्यात कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती आणि अख्खं युनिट बंद होणार होतं. एका हुशार मुलीने सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंगविषयक नियमांचा आधार घेतला. युनिट बंद होणं ही शेअरच्या भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ठरू शकते, ती अशी बाहेर सांगता येत नाही, सबब मेधाने गप्प बसावं. दीड पानात विषय संपला. तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. कायद्याने एक दार बंद केलं की कोंडी उरत नाही, उरतो कायद्याचा प्रश्न. पुढच्या वर्षी कंपनी 'खासगी' झाली आणि युनिटच्या जागी चौदा नोकऱ्या आल्या.

आता गुण. वीस गुणांची वाटणी मी पाच ठिकाणी करते. काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि आपण काय गृहीत धरतो आहोत, याला चार. कुणाचं काय पणाला लागलं आहे, याला चार. दोन्ही बाजूंची कारणं त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी मांडण्याला पाच. निर्णय आणि तो अमलात आणायची पावलं, यांना चार. आणि आपल्या निर्णयाविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा स्वतःच मांडून त्याला तोंड देण्याला तीन. 'सांगावं' याला शून्य गुण, 'सांगू नये' यालाही शून्यच.

प्रत्यक्षात हे कसं चालतं, ते दोन उत्तरपत्रिकांवरून दिसेल. एकाने लिहिलं, मेधाने सांगू नये. यादीत आणखी तेरा जण आहेत. त्यांतल्या कुणाची मुलीच्या अ‍ॅडमिशनची फी भरायची असेल, कुणी गाडीचं कर्ज काढत असेल. महेश केबिनमध्ये आला म्हणून त्याला कळायचं आणि बाकीचे आले नाहीत म्हणून त्यांना नाही, हा न्याय नव्हे. पण खोटंही बोलायचं नाही. मग मेधा नेमकं काय बोलेल, तेही त्याने लिहिलं: "महेश, नोकरीच्या शाश्वतीबद्दल मी कधीच कुणाला शब्द देत नाही. सहा महिने पगार आला नाही तर हप्ता कसा भरशील, हे आज रात्री घरी बसून मांड आणि मग ठरव." हे ऐकून महेशला संशय येईल, म्हणजे अर्धी बातमी फुटलीच, हा आक्षेपही त्याने स्वतःच घेतला. त्याचं उत्तर मात्र त्याला पुरतं जमलं नाही. गुण पंधरा.

दुसरीने लिहिलं, सांगावं. गोपनीयतेच्या कागदामागचा हेतू घबराट आणि राजीनामे टाळणं हा आहे, महेशचे पाच लाख बुडवणं हा नाही. एका माणसाला, तो बोलणार नाही असा शब्द घेऊन, "उद्याची सही पुढे ढकल" एवढंच सांगितलं, तर कंपनीचं नुकसान थोडं आणि त्याचं टळणारं नुकसान मोठं. पण सही मोडली आहे हे लपवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेधाने स्वतः वरिष्ठांकडे जाऊन सांगायचं आणि होईल ती कारवाई सोसायची. बाकीच्या तेरा जणांचा तिने विचार केला, पण दोन ओळींत उरकला. तिलाही पंधराच.

तिसरी पत्रिका पाच पानांची होती. प्रामाणिकपणा हा यशाचा पाया, माणुसकी हीच खरी संपत्ती, उद्योगाने समाजाचं ऋण फेडावं. महेशचं नाव पाच पानांत दोनदा, मेधाच्या सहीचा उल्लेख एकदाही नाही. सहा गुण. मुलगा भांडायला आला: "मॅडम, यात चुकीचं काय आहे?" चुकीचं काहीच नव्हतं. ते उत्तर कुठल्याही प्रश्नाखाली चिकटवता आलं असतं, एवढंच.

एकच बरोबर उत्तर नाही म्हणजे सगळीच उत्तरं बरोबर, असं नाही. एकाने लिहिलं होतं, मेधाने हसून "घे रे बिनधास्त" म्हणावं, कारण तिची निष्ठा कंपनीशी. या निष्कर्षाचे गुण मी कापत नाही. पण महेश उद्या पाच लाख भरेल आणि दीड महिन्याने घरी बसेल, याकडे न बघताच तो निष्कर्ष काढलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या आणि पाचव्या रकान्यात गुण आपोआप जातात.

निष्कर्षाला नव्हे, विचाराला मोजायचं, ही रीत जुनी आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठात नैतिक विचार वयानुसार कसा वाढतो, यावर प्रबंध लिहिला. त्यांनी मुलांना हाइन्झ नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. त्याची बायको मरणाच्या दारात आहे. औषधवाला दोनशे डॉलर खर्चाचं औषध दोन हजारांना विकतो. हाइन्झने जमवलेत हजार. त्याने औषध चोरावं का? मुलगा हो म्हणतो की नाही, याला कोलबर्गांच्या लेखी महत्त्व नव्हतं. का म्हणतो, यावरून पायरी ठरायची. पुढे या गुणदानाची सविस्तर नियमावली तयार झाली आणि १९८७ मध्ये ती दोन खंडांत प्रसिद्ध झाली.

त्याच्या आधीच, १९८२ मध्ये, कोलबर्गांबरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगन यांनी या मोजपट्टीवर बोट ठेवलं होतं. त्यांच्या पुस्तकात अकरा वर्षांची दोन मुलं आहेत, जेक आणि एमी. जेक झटकन म्हणतो, चोरावं, कारण पैशापेक्षा जीव मोठा. एमी म्हणते, चोरू नये, पण बायकोही मरायला नको. कर्ज काढता येईल, औषधवाल्याशी बसून बोलता येईल. मोजपट्टीवर एमी जेकपेक्षा जवळजवळ एक पूर्ण पायरी खाली आली. गिलिगन यांचं म्हणणं असं, की एमी कच्चा विचार करत नव्हती. ती नात्यांचा विचार करत होती आणि पट्टीवर त्यासाठी खूणच नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या जुन्या पत्रिका काढून बसले. कितीतरी मुलांनी लिहिलं होतं: मेधाने महेशला रात्री नऊपर्यंत थांबायला सांगावं आणि आपल्या वरिष्ठांना फोन करावा. मी शेरा मारला होता, 'प्रश्न टाळला'. गुण चारपैकी एक. आपल्याकडे घरात, वाड्यात, सोसायटीत अर्धे पेच असेच सुटतात, कुणीतरी मध्ये पडतं. मग तो पळ कसा? तरीही प्रत्येक 'बोलून बघू' ला पूर्ण गुण देणंही बरोबर नव्हे, कारण बरेचदा तो पळच असतो. शेवटी तक्त्यात एक ओळ घातली: तिसरा मार्ग सुचवणाऱ्याने तो कुणाकडे जातो, किती वाजेपर्यंत, आणि तिथून नकार आला तर मेधा काय करेल, हे लिहावं. फोन उचलला नाही तर अकराचं अ‍ॅग्रीमेंट काही थांबत नाही.

आता तपासणीतल्या दोन सवयी. पहिली, पत्रिका पूर्ण वाचून एकदम गुण द्यायचे नाहीत. आधी सगळ्यांचा पहिला रकाना, मग सगळ्यांचा दुसरा. एका गुणाच्या प्रभेत बाकीचं सगळं उजळ दिसतं, हा दोष एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवला होता. सुरेख इंग्रजीत लिहिलेली पत्रिका मला अजूनही चकवते. दुसरी सवय, गठ्ठ्यातल्या दहा पत्रिका मी आणि एक सहकारी वेगवेगळ्या तपासतो, एकमेकांचे गुण न बघता. तीनपेक्षा जास्त फरक पडला की समोरासमोर बसायचं आणि भांडण कुठल्या रकान्यात आहे ते शोधायचं. बहुतेक वेळा दोष मुलाचा नसतो, तक्त्यातल्या एखाद्या शब्दाचा असतो. 'सखोल विश्लेषण' असं लिहिलं होतं. माझं सखोल आणि त्यांचं सखोल यांत तीन गुणांचं अंतर निघालं. आता तिथे लिहिलंय, 'विरुद्ध बाजूचं निदान एक कारण असं मांडलं आहे, की त्या बाजूच्या माणसाला ते आपलं वाटेल.'

यंदा एका पत्रिकेवर मात्र आमचं जमलं नाही. मुलीने लिहिलं, मेधाने महेशला काही सांगू नये आणि बुकिंगचे पाच लाख बुडाले तर ते स्वतःच्या खिशातून भरावेत. माझ्या मते चौथ्या रकान्यात चारपैकी चार, कारण निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्यानेच उचलली. सहकारी म्हणाले, एक. विभागप्रमुखाने पाच लाख भरायचे तर पुढच्या वर्षीच्या यादीत तिचंच घर विकायला निघेल, आणि बाकीच्या तेरांचं काय? पत्रिका तिसऱ्या परीक्षकांकडे गेली आहे.