कात्रणातून बातमी: ठराव की बंदी?

वर्तमानपत्रातल्या बातमीचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे पुढे जात राहतो, पण त्यावरून मथळा आणि पाच ओळींचा सारांश लिहायला बसलं की अडचणी सुरू होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड गाव घेऊ. मे २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या बातमीचं कात्रण समोर आहे असं धरून चालू.

पहिली गोम तारखेची. कात्रण कापताना पानाचा माथा बहुतेक वेळा जातो आणि त्याबरोबर अंकाची तारीखही जाते. मागे उरतं ते ‘आज’, ‘काल’ किंवा ‘बुधवारी’. काही दैनिकांत बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि ‘ता. ४’ असं छापतात. तिथे मजकुरातला ‘आज’ म्हणजे ती चार तारीख, वाचकाच्या हाती अंक पडतो तो दिवस नव्हे. म्हणून फोटो दोन घ्यावेत: एक अख्ख्या पानाचा, माथ्यासकट, दुसरा बातमीचा जवळून. पान सपाट ठेवून, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता काढलेला फोटो सगळ्यात स्पष्ट येतो.

तरीही घडीवर आलेला आकडा दगा देतो. अस्पष्ट छपाईत ४ आणि ५, किंवा १ आणि ९ यांत गल्लत होते. अशा वेळी वाराशी ताळा जुळवावा. ४ मे २०२२ रोजी बुधवार होता. कात्रणात ‘बुधवारी’ असेल, तर पाच तारीख असू शकत नाही. स्तंभांचा क्रमही पाहावा. मजकूर छायाचित्राखालून पुढच्या स्तंभात जातो, चौकटीतला मजकूर मात्र वेगळा असतो, आणि शेवटी ‘पान ६ वर’ असेल तर आपल्याकडे अर्धीच बातमी आहे.

आता बातमी लिहू.

विधवा प्रथा बंद करण्याचा हेरवाड ग्रामसभेचा ठराव

हेरवाड (ता. शिरोळ): पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव येथील ग्रामसभेने बुधवारी, ४ मे २०२२ रोजी मंजूर केला.

कोण: हेरवाडची ग्रामसभा.
काय: विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव.
कधी: ४ मे २०२२.
कुठे: हेरवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर.
का: कोरोनाकाळात अनेक घरांतले कर्ते पुरुष गेले, त्यानंतर स्त्रियांच्या वाट्याला येणारी अवहेलना थांबावी म्हणून.

यातला मथळा सगळ्यात जपून लिहावा लागतो. ‘हेरवाडमध्ये विधवा प्रथा संपली’ हे वाचायला जोरकस आहे, पण खोटं आहे. ग्रामसभेने ठराव केला. प्रत्येक घरातली प्रथा त्या दिवशी थांबली, असं कात्रण सांगू शकत नाही. ‘कायद्याने बंदी’ हेही चूक, कारण ग्रामसभेचा ठराव म्हणजे विधिमंडळाचा कायदा नव्हे. छापील मथळा अनेकदा उपसंपादक देतो आणि जागेसाठी शब्द छाटतो. त्यामुळे तो जसाच्या तसा न उचलता खालच्या मजकुराला धरून स्वतःचा लिहावा. मथळ्यातलं क्रियापद बातमीत सापडलं नाही, तर मथळा बदलायचा.

‘का’ या ओळीतही घसरायला होतं. राजर्षी शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ रोजी झालं, म्हणजे हा ठराव त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी आला. कोल्हापूरच्या माणसाला तो धागा लगेच दिसेल. पण तो सारांशात घालायचा तर कात्रणात तसं म्हटलेलं हवं. नसेल तर ती आपली माहिती झाली, ती सारांशाबाहेर ठेवावी.

‘कधी’चंही तसंच. १७ मे २०२२ रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितलं. आज लिहिताना हे माहीत असलं, तरी पाच मेच्या अंकातल्या बातमीत ते असणं शक्य नाही. सारांशात ते दिसलं, तर लिहिणाऱ्याने बाहेरची भर घातली हे लगेच ओळखता येतं. ही माहिती द्यायचीच असेल तर बातमीखाली, तारखेसह, ‘नंतरची घडामोड’ म्हणून स्वतंत्र द्यावी. आणि शेवटी दैनिकाचं नाव, आवृत्ती व अंकाची तारीख लिहावी: आपण ग्रामसभेला हजर नव्हतो, जे लिहिलं ते त्या बातमीच्या भरवशावर, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.